चार वेळा निम्मं करा, विषय संपला

प्रश्न: बऱ्याच हाफ लाइफनंतर रेडिओॲक्टिव्ह पदार्थ किती उरला ते काढायला प्रत्येक वेळी e चा फॉर्म्युला लावायलाच पाहिजे का?

अजिबात नाही. हे मी किती वर्षं कुणाला तरी सांगायचं म्हणतोय.

मी खानापूरकडचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. पीयूसी सायन्सला बेळगावला आलो तर ट्यूशनचे सर λ, म्हणजे त्या e च्या फॉर्म्युलातला डिकेचा वेग, त्याच्याशिवाय बोलायचेच नाहीत. एकदा गणित दिलं, आयोडीन-१३१ आहे ८० मिलिग्रॅम, हाफ लाइफ ८ दिवस, म्हणजे दर ८ दिवसांनी निम्मं होतं, तर ३२ दिवसांनी किती उरेल? सगळी पोरं लॉग टेबल काढून बसली. मी ३२ ला ८ नं भागलं, ४ आले, म्हणजे चार वेळा निम्मं: ८०, ४०, २०, १०, ५. उत्तर ५ मिलिग्रॅम. सर वहीत बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे चौथीतलं गणित झालं, इथं चालत नाही." आणि बाकीच्यांचं काय आलं, तर ०.६९३ भागिले ८, मग २.३०३, मग अँटीलॉग, एवढं करून ५.००६! ते वरचे ००६ आयोडीनचे नव्हेत ओ, ०.६९३ आणि टेबलातले आकडे राउंड केल्याचे. माझं ५ बरोब्बर होतं. N = N₀(1/2)ⁿ हा पण फॉर्म्युलाच आहे की, N₀ म्हणजे सुरुवातीचं, N म्हणजे उरलेलं, n म्हणजे एकूण वेळ भागिले हाफ लाइफ, आणि दोन्ही एकाच युनिटमध्ये.

पोरं खरी अडकतात ती दुसरीकडं. एक म्हणजे चार हाफ लाइफ म्हटलं की ८ नं भागतात, पण निम्म्याचं निम्मं करत गेलं की १६ नं भागलं जातं. दुसरं, "किती डिके झालं" विचारलंय आणि हे उरलेलं लिहून मोकळे. वरच्या गणितात डिके झालं ७५, उरलं ५, प्रश्नातला शब्द नीट वाचा.

आता ३२ ऐवजी २० दिवस दिले तर? n येतो २.५. दोन हाफ लाइफनंतर २०, तीननंतर १०, म्हणून मधलं १५ लिहिलं तर चुकलं, कारण सुरुवातीला माल जास्त असतो म्हणून घटही जास्त होते, रेषा सरळ उतरत नाही. अर्ध्या हाफ लाइफला √२ नं भागायचं, म्हणजे २० भागिले १.४१४, साधारण १४.१. इथंपण λ लागला नाही बघा, आणि सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो तेव्हा हेच कामाला येतं.

हां, ३० टक्के उरायला किती दिवस लागतील असं उलटं विचारलं तर मात्र लॉग घ्यावाच लागतो, तेवढं सरांचं खरं. आणि ५ मिलिग्रॅम उरलं म्हणजे बाकीचं गायब झालं असं नव्हे, त्याचा झेनॉन झालाय. पण पूर्ण आकड्यात n आला असताना पोराच्या वहीवर लाल रेघ मारायचा हक्क कुणाला नाही, सर वाचत असतील तर त्यांनापण हेच सांगतो.