बाटलीच्या मानेतली हवा

«500 मिलीच्या काचेच्या बाटल्यांत साधा सोडा भरतो. बाटली हलवून गेज लावला तर 20 अंशाला 2.8 किलो दाब येतो. तक्त्यावरून सव्वातीन व्हॉल्यूम गॅस निघतो, पण दुकानदार म्हणतात सोड्याला जोरच नाही. गेज बदलून पाहिला, तेच. सिलिंडरचा दाब वाढवू का?»

थांबा, दाब वाढवू नका. अगदी हाच आकडा घेऊन मी एक अख्खा उन्हाळा घालवलाय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी रसायनशास्त्र शिकलेला नाही, लहान कारखाना चालवतो. खालचे आकडे साध्या सोड्याचे आहेत. साखरेच्या पाकात गॅस थोडा कमी विरघळतो, तेव्हा सरबतवाल्यांनी ते जसेच्या तसे घेऊ नयेत.

तुमचा तक्ता बरोबर आहे आणि गेजही बरोबर असणार. फक्त तक्ता धरून चालतो की बाटलीच्या मानेत, म्हणजे पेयाच्या वरच्या मोकळ्या जागेत, निव्वळ कार्बन डायऑक्साइड आहे. किती गॅस विरघळेल हे हेन्रीच्या नियमाने त्या गॅसच्या स्वतःच्या आंशिक दाबावर ठरतं. मानेत हवा असेल तर तीही गेजचा काटा ढकलते, पण सोड्यात गॅस घालत नाही.

तुमचाच आकडा घेऊ. गेजवर 2.8, त्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवला की 3.83 किलो, म्हणजे साधारण 3.7 ॲटमॉस्फिअर. 20 अंशाला एका ॲटमॉस्फिअरला पाण्यात 0.88 व्हॉल्यूम गॅस विरघळतो. (एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरभर पेयात 0 अंश आणि एक ॲटमॉस्फिअरला मोजलेला लिटरभर गॅस, वजनाने जवळजवळ 2 ग्रॅम.) 3.7 ला 0.88 ने गुणलं की सव्वातीन. इथपर्यंत तुम्ही आलात.

आता समजा बूच बसवताना मान उघडी होती आणि तिच्यात साधी हवा भरलेली होती. ती हवा आत कोंडली गेली, तिचा दाब एक ॲटमॉस्फिअर. मग गॅसच्या वाट्याला उरले 2.7, आणि सोड्यात गॅस 2.4 व्हॉल्यूमच्या आसपास. लिटरमागे साडेसहा ग्रॅमऐवजी पावणेपाच. दुकानदाराच्या जिभेला हा फरक लगेच कळतो. भरताना फेसाने थोडी हवा बाहेर जाते, त्यामुळे खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो.

माझ्याकडे हे कळायला चार महिने गेले. मी नमुने एका प्रयोगशाळेत पाठवले, फी भरली, तीन आठवडे थांबलो. अहवालात एक ओळ आली: «गॅसचा दाब समाधानकारक.» बाटली कुठल्या तापमानाला तपासली, हलवली होती का, मानेतली हवा सोडून पुन्हा मोजलं का, काहीच नाही. फोन केला तर म्हणाले, अहवालात आहे तेच आमचं म्हणणं. दुसऱ्यांदा नमुने पाठवले, तीच ओळ, फक्त तारीख नवी. तापमान न लिहिलेला दाबाचा आकडा कशाच्याही कामाचा नसतो. तीच बाटली 5 अंशाला एक आकडा दाखवते, उन्हात ठेवली की दुसराच. कारण 5 अंशाला एका ॲटमॉस्फिअरला 1.4 व्हॉल्यूम विरघळतो आणि 40 अंशाला जेमतेम 0.53. आजही तो कागद हाती आला की मला संताप येतो, कारण त्याच्यावर विसंबून मी पुढची चूक केली.

दाब समाधानकारक आहे आणि तरी सोडा मवाळ लागतो, म्हणजे अजून दाब हवा, असं मी समजलो. रेग्युलेटर वाढवत वाढवत 20 अंशाला बाटलीत 3.8 किलो आणले. चव सुधारली, दुकानदार खूश. मेमध्ये टेम्पोत क्रेट उन्हात राहिले. 40 अंशाला त्या बाटल्यांत नुसत्या गॅसचाच दाब सहा ॲटमॉस्फिअरवर गेला असणार, आणि वर कोंडलेल्या हवेचा एकाहून जास्त, कारण पाणी तापून फुगतं आणि मानेतली जागा आणखी आवळते. परत आलेल्या जुन्या, घासून ओरखडे पडलेल्या बाटल्या एकामागून एक फुटल्या. क्रेट उतरवणाऱ्या मुलाच्या हाताला टाके पडले. म्हणून सुरुवातीलाच थांबा म्हटलं.

हवा आहे की नाही, हे तुमच्याच गेजने कळतं. बाटली पोत्यात गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा. झाकण भोसकून गेज बसवा, काटा चढायचा थांबेपर्यंत हलवा, आकडा लिहा. मग हलवणं थांबवून व्हॉल्व्ह हळूच उघडा, काटा शून्यावर आला की लगेच बंद करा. पुन्हा हलवा, काटा स्थिरावू द्या, दुसरा आकडा लिहा. शेवटी झाकण काढून पेयाचं तापमान घ्या. फ्रीजच्या दाराचं किंवा खोलीचं तापमान चालणार नाही.

मानेत वीसेक मिली जागा असेल आणि गॅस निव्वळ असेल, तर पेयातला गॅस वर येऊन जागा पुन्हा भरतो आणि 2.8 चे 2.7 च्या आसपास होतात. मान हवेने भरलेली असेल तर हवेचा बराचसा वाटा पहिल्या फुसकाऱ्यातच निघून जातो, काटा दोनपर्यंतच चढतो. तक्त्यात बघायचा तो हा दुसरा आकडा. तोही अगदी नेमका नसतो, गॅस निव्वळ असेल तर किंचित कमी आणि थोडी हवा उरली असेल तर किंचित जास्त येतो, पण पहिल्याइतका फसवत नाही. आणखी एक खूण: हवेची बाटली उघडली की भसाभसा फेस येतो आणि मिनिटभरात सोडा मेलेला लागतो.

मान लहान करून, म्हणजे बाटली काठोकाठ भरून, हे सुटेल असं वाटतं. मीही करून पाहिलं. जागा कमी केली तरी उरलेल्या जागेतली हवा एक ॲटमॉस्फिअरचीच असते, गेज तेवढाच चुकतो. वर पाण्याला फुगायला जागा न राहिल्याने बाटली फुटायची भीती वाढते.

उपाय फिलरवर आहे. बाटलीत आधी गॅस सोडून हवा हुसकवा, पाणी 4-5 अंशापर्यंत थंड ठेवा, आणि फेस तोंडापर्यंत चढलेला असतानाच बूच मारा. माझ्याकडे फिलर आणि बूच मारायच्या मशीनमध्ये बाटल्या काही सेकंद रेंगाळायच्या, तेवढ्यात फेस बसायचा आणि हवा आत शिरायची. ते अंतर मी हातभरावर आणलं. रेग्युलेटर जुन्या जागी ठेवला, आणि हवा सोडल्यानंतरचा आकडा 1.9 वरून 2.6 झाला. लिंबाचा सोडा करत असाल तर ऑक्सिजन कमी झाल्याने वासही जास्त दिवस टिकतो.

आज दहा बाटल्या तपासा. एकाच क्रेटच्या नको, सकाळच्या, दुपारच्या आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावरच्या घ्या. दोन्ही आकडे आणि तापमान इथे टाका, मी हिशेब करून देतो.