गेम जॅमच्या समारोपाला काय बोलावं?

प्रश्न: आमच्या कॉलेजात ४८ तासांत गेम बनवायचा गेम जॅम आहे, १२ टीम आहेत. समारोपाचं भाषण माझ्याकडे आलंय. सगळ्यांचे आभार मानायचेत आणि "गेम अर्धवट सोडू नका" हेही सांगायचंय. किती बोलू, काय बोलू?

उत्तर:

चार मिनिटं बोला आणि निकालाच्या आधी बोला. आपल्याकडे बक्षीसवाटप आधी आणि आभारप्रदर्शन शेवटी अशी रीत आहे. गेम जॅममध्ये ती अडचणीची ठरते. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये बसलेली मुलं दोन रात्री नीट झोपलेली नसतात. निकाल लागला की ज्यांचा नंबर आला ते फोटोला पुढे जातात, बाकीचे चार्जर गुंडाळून एसटी नाहीतर लोकल गाठायला निघतात. "गेम पूर्ण करा" हे ज्यांना सांगण्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेच तेव्हा दाराबाहेर असतात. म्हणून आधी डेमो, मग तुमचं भाषण, मग निकाल, असा क्रम आयोजकांकडून आदल्या दिवशीच ठरवून घ्या. प्रमुख पाहुणे आणि प्राचार्यांचे आभार पहिल्या एका वाक्यात माना. नंतर ते मध्येच आले तर ओघ तुटतो.

हॉलमध्ये सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. चार मिनिटांत चारशे शब्द, त्यातले निम्म्याहून जास्त आभाराला.

"सर्व संघांनी अथक परिश्रम घेतले" हे वाक्य गॅदरिंगलाही चालतं आणि क्रीडा महोत्सवालाही, त्यामुळे ते ऐकताना कुणालाच आपल्याबद्दल बोललं जातंय असं वाटत नाही. त्याऐवजी प्रत्येक टीमसाठी दोन-तीन छोटी वाक्यं बोला, पण ती त्यांच्या गेममध्ये तुम्ही स्वतः पाहिलेल्या एकाच गोष्टीबद्दल असू द्या. डेमो चालू असताना एक फुलस्केप कागद जवळ ठेवा. डावीकडे टीमचं नाव, ते कसं उच्चारायचं हे त्यांनाच विचारून. उजवीकडे त्यांनी घेतलेला एक निर्णय. "ग्राफिक्स छान" असं लिहू नका, कारण तो शेरा झाला आणि शेरा मारणं परीक्षकांचं काम आहे. निर्णय म्हणजे काय, ते अशा वाक्यांवरून कळेल:

> पाणी भरायच्या गेममध्ये वेळ दाखवणारा आकडा कुठेच नाही. बादलीच गळते. वेळ संपत आलाय हे खेळणाऱ्याला बादलीकडे बघूनच कळतं.
>
> लिफ्टच्या गेममधला दार आपटल्याचा आवाज हा स्टीलच्या डब्याच्या झाकणाचा आहे. रात्री मेसमधून डबा आणून तो रेकॉर्ड केलाय.

एवढं बोलायला साधारण दहा सेकंद लागतात. बारा टीम म्हणजे दोन मिनिटं. सगळ्यांची वाक्यं साधारण सारख्या लांबीची ठेवा आणि टेबलांच्या क्रमाने वाचा. एका टीमबद्दल सहा वाक्यं आणि दुसरीबद्दल एकच झालं, तर हॉल त्यातून निकाल वाचायला लागतो. "सर्वात" हा शब्दही याच कारणासाठी टाळा.

यातलं सगळ्यात काळजीने लिहायचं वाक्य म्हणजे ज्यांचा गेम डेमोला चाललाच नाही त्यांचं. बारा टीममध्ये अशी एखादी तरी निघते. त्यांना वगळू नका आणि "प्रयत्न चांगला होता" असंही म्हणू नका. काय बिघडलं ते आधी त्यांच्याकडून समजून घ्या. एक नेहमीचा प्रकार सांगतो. गोडो या गेम इंजिनमध्ये, विंडोजवर काम करताना, कोडमध्ये `player.png` लिहिलेलं असतं आणि फाईलचं नाव असतं `Player.png`. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून एडिटरमध्ये दोन दिवस सगळं सुरळीत चालतं. एक्स्पोर्ट केल्यावर मात्र हा फरक मोजला जातो, फाईल सापडत नाही आणि पात्र गायब होतं. टीमला वाटतं सगळंच मोडलं, आणि चूक असते एका अक्षराची. तेव्हा वाक्य असं होईल:

> या टीमचा गेम एडिटरमध्ये शेवटपर्यंत खेळता येतो. फाईलच्या नावातल्या एका कॅपिटल अक्षराने तो आज स्टेजवर अडला. ते अक्षर बदललं की तुम्ही सगळे तो खेळू शकाल.

आभारांत आणखी तीन-चार जण हवेतच: रात्री लॅब उघडी ठेवणारे लॅब असिस्टंट, गेटवरचे वॉचमन काका, पहाटे चहा देणारे कँटीनवाले, आणि ज्यांनी दुसऱ्यांचे गेम खेळून चुका दाखवल्या ती मुलं. इथेही कामाचा उल्लेख करा. "काकांनी पहाटे चार वाजता दुसऱ्यांदा कुलूप उघडलं" एवढं पुरतं.

आता दुसरा भाग. "गेम पूर्ण करा" म्हटलं की समोरच्यांच्या डोळ्यापुढे वीस लेव्हल, मल्टिप्लेअर आणि स्टीम हे गेम विकायचं ऑनलाइन दुकान येतं. स्टीमवर एका गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि जॅमच्या गेमला त्याची गरजही नसते. म्हणून पूर्ण म्हणजे काय हे तुम्हीच स्टेजवरून ठरवून द्या. मी एवढंच म्हणेन: तुम्ही शेजारी उभे नसताना अनोळखी माणसाने लिंक उघडावी, काय करायचं ते त्याला कळावं, शेवटापर्यंत पोचावं आणि पुन्हा सुरू करता यावं. पाच मिनिटांचा गेम असला तरी तो पूर्णच.

गळत्या बादलीच्या गेमवर हे लावून बघू. समजा त्यात तीन लेव्हल आहेत. डेमोत लोकांनी नऊ तक्रारी सांगितल्या: बादली भिंतीत अडकते, हरल्यावर पेज रिफ्रेश करावं लागतं, कुठली बटणं दाबायची ते कळत नाही, आवाज मोठा आहे, लेव्हल कमी आहेत, बाईचं पात्रही हवं, वगैरे. प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारायचा: यामुळे अनोळखी माणूस शेवटापर्यंत पोचायचा थांबतो का? भिंत, रिफ्रेश आणि बटणं या तिघांमुळे थांबतो. बाकीच्यांमुळे नाही. मग पुढच्या चार आठवड्यांचं काम एवढं तीनच. लेव्हल वाढवणं या यादीत येतच नाही, कारण भिंतीत अडकणारी बादली दहा लेव्हलमध्ये दहा ठिकाणी अडकेल. भाषणात एका टीमचं असं उदाहरण त्यांना आधी विचारून घ्या. बाकीच्या अकरा टीम आपापली यादी मनातल्या मनात करतील.

मोठं उदाहरण द्यायचंच असेल तर "बाबा इज यू" द्या. फिनलंडच्या अर्वी टेइकारीने तो २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये केला आणि पूर्ण गेम २०१९ मध्ये आला. शब्द ढकलून नियम बदलायचे ही कल्पना जॅममध्येही होती आणि दोन वर्षांनीही तीच राहिली, हा त्यातला सांगण्यासारखा भाग. यश आणि विक्रीबद्दल बोललात तर मुलं लगेच स्टीमच्या स्वप्नाकडे वळतात.

पण जॅमचे बरेच गेम उत्साह संपायच्या आधीच हरवतात, तेही अगदी साध्या कारणाने. प्रोजेक्ट एकाच मशीनवर असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पुष्कळदा डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं. मशीन रीस्टार्ट झालं की डिस्क पूर्वीसारखी होते आणि दोन दिवसांचं काम जातं. स्वतःच्या लॅपटॉपवर असेल तर तो एकाचा असतो, आणि त्याची सबमिशन सुरू झाली की बाकी तिघांच्या हातात काही उरत नाही. म्हणून भाषणातली तीन मिनिटं बोलूच नका. ही वरच्या चार मिनिटांपेक्षा वेगळी धरा. म्हणा, "प्रत्येक टीममधल्या एकाने आत्ता मशीन उघडा," आणि ज्यांचा प्रोजेक्ट गिटहबला जोडलेला आहे त्यांच्यासाठी, काम साठवून तिकडे पाठवणाऱ्या गिटच्या या कमांड पडद्यावर दाखवा:

```
git add -A
git commit -m "jam build"
git tag jam
git push origin HEAD --tags
```

`jam` हा टॅग महत्त्वाचा. पुढे काही बिघडलं तरी आज स्टेजवर दाखवलेल्या अवस्थेत परत येता येतं, आणि हा आधार असला की मुलं कोडला हात लावायला घाबरत नाहीत.

इथे एक गोष्ट हमखास अडते. युनिटी या गेम इंजिनमधला प्रोजेक्ट, गिटने काय वगळायचं ते सांगणारी `.gitignore` फाईल न ठेवता केलेला असेल तर `Library` फोल्डरही सोबत जातं. ते कॅशचं फोल्डर आहे, युनिटी ते पुन्हा बनवतं. त्यात मोठ्या फाईली असतात, आणि 100 MB च्या वरची एक जरी फाईल असली तरी गिटहब अख्खा पुश नाकारतं. त्या टीमला सभागृहात कमिट दुरुस्त करायला लावू नका. `Assets`, `Packages` आणि `ProjectSettings` ही तीन फोल्डर झिप करून पेनड्राइव्हवर आणि टीममधल्या दुसऱ्या कुणाच्या गूगल ड्राइव्हवर टाकायला सांगा. `.meta` फाईली वगळायच्या नाहीत, नाहीतर दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर सीनमधल्या वस्तू आणि चित्रं यांचे दुवे तुटतात. युनिटीच्या आवृत्तीचा आकडा `ProjectSettings/ProjectVersion.txt` मध्ये असतो, तो झिपबरोबर आपोआप येतो. दोन स्वयंसेवक पेनड्राइव्ह घेऊन रांगांमधून फिरत असले की तीन मिनिटांत हे होतं. लॅबच्या मशीनवर काम केलेल्या टीमकडे त्यांना आधी पाठवा.

शेवटी तारीख सांगा. "लवकरच भेटू" असं म्हणू नका. चार आठवड्यांनंतरचा शनिवार, तीन तास, हीच लॅब; तिथे प्रत्येक टीमने लिंक आणायची आणि दुसऱ्या टीमने ती न विचारता खेळायची. तारीख ठरवण्याआधी परीक्षेचं आणि ओरल्सचं वेळापत्रक बघा. ओरल्सच्या आठवड्यात पडली तर कुणी फिरकणार नाही. लॅबच्या परवानगीची सही भाषणाच्या आधी घ्या आणि तो कागद हातात धरूनच तारीख सांगा:

> परीक्षक आता निकाल सांगतील. त्याआधी एवढंच: पुढच्या महिन्यात या लॅबची परवानगी बारा टीमसाठी काढली आहे, तीन टीमसाठी नाही. आज पहिले आलात की बारावे, त्या दिवशी लिंक प्रत्येकाकडून हवी.

एवढं बोलून माईक परीक्षकांकडे द्या.