वडाचं वय वीस की पन्नासच्या पुढे?

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतोय. आवारातल्या चौदा झाडांवर महापालिकेची नोटीस चिकटवली आहे. त्यात सासऱ्यांनी 1969 मध्ये लावलेला वडही आहे. बिल्डरच्या अर्जात त्याचं वय 20 वर्षं लिहिलंय. बाकीचे सभासद गप्प आहेत. मी एकटी हरकत घेऊ शकते का?

उत्तर : घेऊ शकता, ताई. नोटीस लावतात ती हरकती मागवण्यासाठीच, आणि त्यासाठी सोसायटीचा ठराव लागत नाही. फक्त नोटिशीतली मुदत चुकवू नका. अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा.

वयाचा रकाना किरकोळ समजू नका, खरा वाद तिथेच आहे. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. वय 20 धरलं तर वीस रोपांत काम भागतं आणि वारशाचा प्रश्नच येत नाही. तुमच्या वडाने मात्र पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. हे बिल्डरला ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

म्हणून भावनेवर दोन पानं लिहू नका, पुरावा जोडा. वड दिसणारे जुने फोटो, बागेचा उल्लेख असलेली सोसायटीची जुनी इतिवृत्तं, महापालिकेच्या वृक्षगणनेतली नोंद, जे मिळेल ते द्या. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजून तोही लिहा. पण नुसत्या घेरावर विसंबू नका, कारण झाड कुठे आणि कसं वाढलं यावर तो बराच बदलतो. वृक्ष अधिकाऱ्यांनी जागेवर येऊन वयाची खातरजमा करावी, आणि इमारतीच्या नकाशावर चौदाही झाडांच्या जागा दाखवून नेमकं कोणतं झाड बांधकामाच्या आड येतं ते सांगावं, अशी मागणी करा. कुंपणालगतची दोन-चार झाडं बहुधा तिथेच वाचतात.

परवानगी मिळालीच, तरी त्यानंतर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. हे दिवस परवानगीच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही. मुंबईत आरेच्या वेळी, ऑक्टोबर 2019 मध्ये, यावरूनच वाद पेटला होता. परवानगी 13 सप्टेंबरची असल्याने मुदत 28 लाच संपली, असं मेट्रो महामंडळाचं म्हणणं होतं. तेव्हा उद्यान विभागात वरचेवर चौकशी करत राहा, आदेश निघाला की लगेच प्रत घ्या आणि उच्च न्यायालयात जायचं असेल तर त्याच पंधरवड्यात जा.

त्याआधीच करवत चालली तर फोटो-व्हिडिओ काढून वृक्ष अधिकारी आणि पोलीस, दोघांकडे लेखी तक्रार द्या. कायद्याच्या भाषेत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हीसुद्धा तोडच असते. त्यामुळे पायाच्या खोदाईत मुळं छाटली, तरी तीच तक्रार चालेल.