बदली खेळाडू कधी उतरवायचा?

कूपरेजवर किंवा मैदानाच्या लीगमध्ये पहिल्यांदा फुटबॉल संघ सांभाळताय, तर आधी एकच आकडा लक्षात ठेवा: ५८-७३-७९. संशोधक ब्रेट मायर्स यांनी २०१२ मध्ये मांडलेला हा नियम. संघ मागे असेल तर पहिला बदल ५८व्या मिनिटाआधी, दुसरा ७३व्या आणि तिसरा ७९व्या मिनिटाआधी करा. बरोबरी किंवा आघाडी असेल तर हा नियम लागू नाही. नवे लोक नेमके हेच विसरतात.

तुमचा सामना ७० मिनिटांचा असेल तर त्याच प्रमाणात ४५, ५७, ६१ धरा. समजा, ४०व्या मिनिटाला ०-१ आहे आणि उजवा विंगर चेंडू गेल्यावर मागे धावत यायचं सोडून चालत येतोय. दमट हवेत हे लवकर दिसतं. ६०व्या मिनिटाची वाट कशाला? ४५च्या आत बदला. शेवटच्या पाच मिनिटांत उतरलेल्याचे पाय मोकळे होईपर्यंत शिट्टी वाजते.

पण आकड्याला चिकटून बसू नका. २०१६ मध्ये सिल्वा आणि स्वार्ट्झ या संशोधकांनी संघांची ताकद हिशेबात धरून पाहिलं, तर फायद्याचं असं ठरावीक मिनिट सापडलं नाही. तगडा संघ मागे पडला तरी एरवीही परत येतो, त्याचं श्रेय बदलाला जातं.

सगळे बदल मात्र एकदम संपवू नका. एक दुखापतीसाठी राखा. किती बदल चालतात, हे स्पर्धेच्या नियमांत आधीच बघा.