पोस्टकार्डाच्या कवितेतलं ‘वि. वि.’ आणि ‘ता. क.’

प्रश्न: ‘होस्टेलवरून आईला पोस्टकार्ड’ अशी कविता लिहिलीय. सुरुवात ‘ती. आईस सा. न. वि. वि., इकडे सर्व क्षेम, मेसची आमटी आता आवडते’ आणि शेवटी सहीखाली ‘ता. क. फीचे पैसे नाहीत, घरी यायचंय’. वि. वि. म्हणजे नक्की काय? आणि ता. क. ठेवू का काढू?

वि. वि. म्हणजे विनंती विशेष. अख्खं म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, म्हणजे नमस्कार संपला, आता मुद्द्याचं ऐक. तुझ्या कवितेत इथेच मजा आहे, कारण विशेष म्हणून झाल्यावर तू आमटीवर जातोस आणि विशेष काही येतच नाही, वाचणाऱ्याला लगेच कळतं की पोरगं काहीतरी गिळतंय. त्यामुळे ते छोटंच ठेव, फोड करून लिहिलंस तर निबंध होईल.

ता. क. म्हणजे ताजा कलम, सही झाल्यावर सुचलेलं, म्हणून जागा सहीच्या खालीच, ती बरोबर आहे. ते काढू नको, पण आतलं वाक्य बदल. पोस्टकार्ड उघडं असतं रे, पोस्टमन वाचणार, आईला चष्मा सापडला नाही तर शेजारची पोर खळ्यात उभी राहून मोठ्याने वाचून दाखवणार, अशा कार्डावर फीचं कोण लिहील? वरच्या ओळींत जे दाबून धरलंस ते शेवटी स्वतःच ओकून टाकलंस असं होतंय.

तुमची मच्छीमारीची बोट आहे असं धरून सांगतो, कारण किनाऱ्यावरच्या होस्टेलात तशी पोरं खूप असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, त्या दिवसांत घरात पैसा येत नाही आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची फी. मग असं बघ:

‘ता. क. पयल्या तारखेक होडी गेली काय गो?’

पोस्टमनला ही नुसती चौकशी, पण आईला कळतं की पोरगा बंदी उठून होडी निघायची वाट बघतोय आणि का बघतोय. पैसे हा शब्दच नाही. शिवाय वरचं सगळं पत्रातलं शिस्तीचं मराठी आणि इथे एकदम मालवणी, त्या ‘गो’मध्येच तुझं ‘घरी यायचंय’ येऊन जातं. घरी दुसरी बोली असेल तर ती घे, उसनं मालवणी नको. फक्त तारीख जुळव, ही ओळ ऑगस्टच्या सुरुवातीलाच चालेल, दिवाळीच्या कार्डात तिला काही अर्थ उरत नाही. म्हणजे वरच्या ओळींत पाऊसही हवा, नि तो बेताचा नको. आणि ता. क. एकच, दोन टाकलेस की युक्ती दिसते.

अजून एक, ‘लोभ असावा’ लिहिण्याचा मोह झाला तर आवर, आईला ते परकं वाटतं, नुसतं ‘तुझा’ आणि खाली घरात हाक मारतात ते नाव.