राजीनामा द्यायला सांगितलं होतं, अर्जात काय लिहू?

"ऑनलाइन अर्जात आधीच्या प्रत्येक नोकरीपुढे ती का सोडली हे विचारतात. एका ठिकाणी मला राजीनामा द्यायला लावला होता. खरं लिहिलं तर अर्ज तिथेच बाद होईल, खोटं लिहायची भीती वाटते. काय लिहू?"

हा प्रश्न घेऊन आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लेखा विभागात काम करणारी, दहा वर्षांत चार नोकऱ्या झालेली. तिने लॅपटॉप उघडून अर्धवट भरलेला अर्ज माझ्यापुढे सरकवला. चारही नोकऱ्या एकाखाली एक, आणि प्रत्येकीच्या शेवटी `Reason for Leaving` असा रकाना, शेजारी लाल फुली. म्हणजे तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढेच जाणार नव्हता.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नोकरीपुढे तिने "वैयक्तिक कारण" लिहिलं होतं. तिसरीपुढे आधी एक लांबलचक मजकूर होता. वरिष्ठ कसे वागायचे, काम नीट समजावून न सांगता चुका कशा मोजायचे, शेवटच्या दिवशी काय बोलले, सगळं त्यात होतं. रकान्याची मर्यादा संपल्यामुळे तो मजकूर एका शब्दाच्या मधेच तुटला होता. मग तिने तो खोडून "अधिक चांगली संधी" असं लिहिलं होतं. "हे बरं दिसतं ना?" तिने विचारलं.

मी तिला फक्त तारखा वाचायला सांगितल्या. तिसरी नोकरी जून 2019 ते डिसेंबर 2019. चौथी सुरू झाली एप्रिल 2020 मध्ये. ती वाचता वाचता थांबली. चांगली संधी मिळाली म्हणून नोकरी सोडली, तर मग जानेवारी ते मार्च कुठे गेले? अर्ज तपासणाऱ्या माणसापुढे या ओळी एकाखाली एक असतात. वरच्या नोकरीची शेवटची तारीख आणि खालच्या नोकरीची सुरुवात तो सहज ताडून पाहतो. कारण पुढच्या ओळीतल्या तारखेशी जुळलं पाहिजे. तीन नोकऱ्यांपुढे "वैयक्तिक कारण" असेल तर लपवण्यासारखं एकच असूनही सगळीकडेच काहीतरी दडवलंय असं वाटायला लागतं.

आम्ही आधी सोप्या ओळी उरकल्या. पहिली नोकरी ठरावीक मुदतीच्या कराराची होती, करार संपला. तेवढंच लिहिलं. दुसरी तिने स्वतःहून सोडली होती, कारण तिथे तीन वर्षं फक्त देयकांच्या नोंदी होत्या आणि तिला महिनाअखेरीचे ताळे जुळवण्याचं काम हवं होतं. "महिनाअखेरीच्या ताळमेळाचं काम हवं होतं म्हणून", असं तिने लिहिलं. चौथ्या ठिकाणी दोन विभाग एकत्र झाले आणि तिचं पद गेलं. हेही तिने "वैयक्तिक" म्हणून झाकलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण पद रद्द होण्यात तिचा काहीच दोष नव्हता. "विभागांचं एकत्रीकरण, पद रद्द" एवढे चार शब्द लिहिताच ती ओळ निर्धोक झाली.

आता तिसरी. इथे मी तिला लगेच लिहू दिलं नाही. आधी विचारलं, तुझ्या हातात कागद कोणता आहे? नोकरी गेल्याच्या आठवणीवरून माणूस "मला काढलं" म्हणतो, पण जुन्या कार्यालयाच्या नोंदीत काय लिहिलंय ते वेगळं असू शकतं. तिने जुन्या मेलमधून तिचं राजीनामापत्र आणि ते स्वीकारल्याचं उत्तर शोधून काढलं. सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ संपत आला होता, कायम करणार नाही असं तिला तोंडी सांगितलं होतं आणि त्याच दिवशी राजीनामा मागून घेतला होता. म्हणजे नोंदीत "राजीनामा" होता. पर्यायांची यादी असती तर तिने `Resigned` निवडणं बरोबर ठरलं असतं. सेवा संपवल्याचं पत्र हातात असतं, तर मात्र `Terminated` निवडण्यावाचून इलाज नव्हता.

पण इथेच फसगत होते. त्याच अर्जात दोन पानं पुढे एक वेगळा प्रश्न होता: तुम्हाला कधी नोकरीवरून काढलं आहे का, किंवा राजीनामा देण्यास सांगितलं आहे का? तिथे "नाही" वर टिचकी मारायच्या ती बेतात होती. "राजीनामा तर मी दिला ना," ती म्हणाली. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मी तिला पुन्हा वाचायला लावला. राजीनामा देण्यास सांगितलं, हे तिच्याच बाबतीत घडलं होतं. उत्तर "हो" हेच. असा प्रश्न सगळ्या अर्जांत नसतो. नसेल तिथे आपणहून सांगायला जायची गरज नाही, पण असेल तर तो शब्दन् शब्द वाचावा. अर्जाच्या शेवटी दिलेली माहिती खरी असल्याचं आपण मान्य करतो. पुढे खोटं उघड झालं तर दिलेली नोकरी काढून घ्यायला, रुजू झाल्यावरसुद्धा, तेवढं कारण पुरतं. जुनं कार्यालय चौकशीला काय उत्तर देईल हे आपल्या हातात नसतं. काही ठिकाणी फक्त तारखा आणि पद कळवतात, काही ठिकाणी पुन्हा घ्याल का, याचंही उत्तर देतात.

मग वाक्य. मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, तो सगळा राग इथे लिही, हा कागद अर्जात जाणार नाही. तिने वीसेक मिनिटं लिहिलं, मधे एकदा डोळे पुसले. लिहून झाल्यावर मी तिला "त्यांनी" या शब्दाने सुरू होणारी वाक्यं खोडायला सांगितली. उरल्या दोन ओळी, दोन्ही कामाबद्दलच्या. तिथलं काम करविवरणाचं होतं, ते तिने आधी कधी केलं नव्हतं आणि सहा महिन्यांत तिचा हात त्यावर बसला नाही. रकान्यात शेवटी गेलं ते असं: "परिवीक्षेअंती कायम केलं नाही, काम करविवरणाचं होतं, माझा अनुभव देयकांच्या नोंदींचा. राजीनामा दिला."

"मुलाखतीत सांगेन" असं लिहिलं तर चालेल का, हेही तिने विचारलं. रकाना इतका लहान असेल की वाक्य मावतच नाही, तर एका ओळीपुरतं चालून जातं. पण वाचणाऱ्याला तेव्हाच निर्णय घ्यायचा असतो, आणि त्याच्या हातात काहीच राहत नाही. मी तो मार्ग शक्यतो सुचवत नाही.

अर्ज बाद होईल ही तिची भीती खोटी नव्हती. दोन ठिकाणांहून तिला काहीच उत्तर आलं नाही, आणि त्याचं कारण ही ओळ होती की आणखी काही, हे कळायला मार्ग नाही. तिसऱ्या ठिकाणी फोनवर विचारलं, "तिथे कायम का नाही केलं?" तिने रकान्यातलंच वाक्य सांगितलं आणि त्यानंतरची चार वर्षं तिने फक्त ताळमेळाचं काम केल्याचं जोडलं. पुढचा प्रश्न महिनाअखेरीचे हिशेब ती किती दिवसांत पूर्ण करायची, हा होता.

त्या फोनच्या आदल्या रात्री तिने चारही वाक्यं तारखांसकट एका फाइलमध्ये जपून ठेवली होती. आता प्रत्येक नव्या अर्जात तीच उतरवते, आणि बायोडेटामधून आपोआप भरल्या गेलेल्या तारखा त्या फाइलशी ताडून मगच पुढे जाते. एकदा त्यात तिसऱ्या नोकरीचा डिसेंबर एप्रिल होऊन बसला होता.