ऑफिस असिस्टंटचं मूल्यमापन आणि यादीत नसलेली कामं

प्रश्न: माझ्या हाताखालच्या ऑफिस असिस्टंटचं वार्षिक मूल्यमापन मला यंदा पहिल्यांदाच करायचं आहे. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये पाच-सहा कामं आहेत, पण प्रत्यक्षात त्या दिवसभर पन्नास बारीकसारीक गोष्टी बघतात. फॉर्ममध्ये 'विश्वासार्हता' असा एक छोटा रकाना आहे. गुण कशावरून द्यायचे, आणि पगारवाढीसाठी वर काय लिहायचं?

उत्तर:

त्या रकान्यात 'अत्यंत विश्वासू, मेहनती, सदैव तत्पर' असं काही लिहू नका. हे शब्द सगळ्यांच्याच फॉर्मवर असतात, त्यामुळे वरच्या बैठकीत ते कुणी वाचतही नाही. तिथे टिकतं ते तारीखवार लिहिलेलं. मी हे इतक्या ठामपणे सांगते आहे कारण आमच्या विभागातल्या असिस्टंट बाईंचे गुण माझ्या डोळ्यांदेखत खाली आणले गेले, आणि तेही ज्या गोष्टीसाठी ते वाढायला हवे होते, नेमकं त्याच गोष्टीवर बोट ठेवून.

आमच्याकडे पाचांपैकी गुण देतात. सगळे विभागप्रमुख एकत्र बसून आपापले आकडे मांडतात आणि मग वरचे गुण किती जणांना द्यायचे यावर ओढाताण होते. मी बाईंना चार दिले होते. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "त्या मध्यंतरी दोन आठवडे रजेवर होत्या ना? तेव्हा काय अडलं?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग चार कशाला?" आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या आणि चाराचे तीन झाले. तीन म्हणजे 'अपेक्षेनुसार'.

आता काही का अडलं नाही ते बघा. रजेवर जाण्याआधी बाईंनी दोन पानांची टिपणी करून ठेवली होती. त्या दोन आठवड्यांत कुठल्या तारखेला काय येणार आहे, ते कुणी करायचं, आणि बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यात होतं. कॉपी मशीनचा देखभाल करार त्यांच्या रजेतच संपत होता, म्हणून नूतनीकरणाच्या कागदांवर सही आधीच घेऊन ठेवली होती. संचालकांच्या बैठकीच्या फायली छापून, नावं लावून कपाटात होत्या. हजेरीपत्रक अर्धं भरलेलं होतं आणि उरलेलं कुणाकडून मिळेल तेही लिहिलेलं होतं. रजेच्या काळात त्यांना ऑफिसातून एकही फोन गेला नाही. हे मी त्या बैठकीत तोंडी सांगितलं. पण समोर आकड्यांचा तक्ता असताना तोंडी सांगितलेल्याला तिथे वजन नसतं.

याउलट जी व्यक्ती सगळं डोक्यात ठेवते, पासवर्ड कुणाला सांगत नाही, कुठली फाईल कुठे आहे हे फक्त तिलाच ठाऊक असतं, ती रजेवर गेली की चार दिवसांत हाहाकार माजतो. मग लोक म्हणतात, 'तिच्याशिवाय पान हलत नाही', आणि गुण तिला जातात. रजेवरून माणसाची किंमत ठरवली की माहिती दाबून ठेवणाऱ्याला बक्षीस मिळतं. माझं स्पष्ट मत आहे की ही कसोटी मूल्यमापनात वापरूच नये. वापरायचीच असेल तर 'काय अडलं' हे विचारून थांबू नका. रजेआधी काय काय सोपवलं होतं, मागे राहिलेल्यांना किती फोन करावे लागले, आणि परत आल्यावर टेबलावर किती काम साचलेलं होतं, हेही विचारा.

मूळ अडचण अशी की मूल्यमापनाची आपली सगळी पद्धत घटनांवर चालते. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी काम करताना विशेषणांऐवजी ठोस प्रसंग गोळा करायची रीत बसवली आणि १९५४ मध्ये ती सविस्तर मांडली. रीत चांगलीच आहे, अनेक कामांसाठी आजही तीच वापरावी. पण भरवशाचं काम झालं की प्रसंग घडतच नाही. दुसऱ्या एका विभागात करार संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, मशीन बंद पडलं, आणि ज्याच्याकडे ते काम होतं त्यानेच दिवसभर धावपळ करून ते सुरू करून घेतलं. त्याला कौतुकाचा मेल गेला. आमच्या बाईंनी तेच काम वेळेआधी केलं, त्याची कुठे नोंदही नाही. म्हणून अशा कामासाठी प्रसंग शोधत बसू नका. किती वेळा चुकू शकलं असतं ते आधी मोजा, आणि मग किती वेळा चुकलं ते बघा.

हजेरीपत्रकाचंच उदाहरण घेते, कारण दिसायला ते अगदी किरकोळ काम आहे. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ आहे: 'दरमहा २५ तारखेला हजेरीपत्रक पेरोलला पाठवणे.' म्हणजे वर्षाला बारा वेळा. कागदावर हे पाच मिनिटांचं काम. पण दर महिन्याला सात-आठ जण रजेचा अर्ज टाकायला विसरलेले असतात, कुणी बाहेरच्या कामावर गेलेला असतो आणि त्याची नोंद नसते. ते तसंच पाठवलं तर त्यांचा पगार कापला जातो, पुढच्या महिन्यात दुरुस्ती होते, आणि मधल्या काळात तक्रारींचे मेल येत राहतात. म्हणून बाई २२ तारखेलाच यादी काढून एकेकाला गाठतात. हे गाठणं कुठल्याच यादीत नाही, आणि खरं काम तेच आहे.

त्या वर्षी बारापैकी अकरा वेळा पत्रक वेळेवर गेलं. एकदा सिस्टीम बंद असल्याने एक दिवस उशीर झाला. पण बाईंनी २३ तारखेलाच पेरोलला कळवलं होतं, त्यामुळे त्यांनी आमचा विभाग शेवटी घेतला आणि कुणाचाही पगार अडकला नाही. आता तुम्ही नुसते 'बारापैकी अकरा' लिहिलेत तर एक चूक दिसते. मी तो महिना त्यांच्या बाजूने धरते. म्हणून प्रत्येक कामाबद्दल मी तीन गोष्टी बघते: मला आठवण करावी लागली का, झालेलं काम पुन्हा तपासावं लागलं का, आणि उशीर होणार असेल तर मला तो आधी कळला की नंतर. यात तिसरी सर्वांत महत्त्वाची. वेळ कुणाचीही चुकते. पण आधी कळलं की दुसरा माणूस आपलं काम हलवू शकतो.

हे गोळा कसं करायचं, यावर एकच सांगते. असिस्टंटना रोजची डायरी लिहायला लावू नका. काम करणाऱ्याला आणखी एक काम लागतं, आणि ज्याला स्वतःबद्दल लिहायला जमतं त्याचंच पारडं जड होतं. खुणा आधीच पडलेल्या असतात: पाठवलेले मेल, कॅलेंडर, आवक-जावक नोंदवही, स्टेशनरीचं रजिस्टर, करारांच्या तारखा. महिनाअखेरीस तुम्ही स्वतः तासभर बसून ते चाळा आणि पाच-सहा ओळी लिहून ठेवा. वर्षाच्या शेवटी एकदम बसलात तर शेवटचे दोन महिनेच डोळ्यांसमोर येतात. तुमच्या हातात आता वेळ कमी असेल तर सगळी पन्नास कामं धरू नका. तारखेला बांधलेली, ज्यांना उशीर झाला तर दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान होतं, अशी चार-पाच निवडा आणि तीच वर्षभराची मोजा. उरलेल्या कामांसाठी त्या असिस्टंटसमोरच बसा आणि विचारा, 'गेल्या आठवड्यात तुमच्याकडे कोण कोण काय काय घेऊन आलं?' निम्मी कामं तुम्हाला तिथेच पहिल्यांदा कळतील.

मग रकान्यात असं लिहिता येतं: 'हजेरीपत्रक बारापैकी अकरा वेळा मुदतीत, एकदा सिस्टीममुळे एक दिवस उशीर, दोन दिवस आधी कळवला. सर्व देखभाल करार मुदत संपण्यापूर्वी नूतनीकृत. वर्षभरात एकाही कामासाठी आठवण करावी लागली नाही. रजेच्या काळात लेखी हस्तांतरण. एकही काम खोळंबलं नाही.' पुढच्या वर्षीच्या बैठकीत मी हेच वाचून दाखवलं. तेच सहकारी समोर होते. त्यांनी पुन्हा रजेचा विषय काढला तेव्हा मी ती दोन पानांची टिपणी टेबलावर ठेवली आणि विचारलं, 'तुमच्या विभागात रजेवर जाताना असं कोण देऊन जातं?' त्यांनी टिपणी पूर्ण वाचली. चार गुण कायम राहिले.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. विश्वासार्हतेचे चार म्हणजे सगळीकडे चार नव्हे. एका गुणाची छाप बाकीच्यांवर पडते, हे एडवर्ड थॉर्नडाईकने १९२० मध्येच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या गुणांवरून दाखवलं होतं. आमच्या बाईंचं स्प्रेडशीटचं काम बेताचं होतं. तिथे मी तीनच लिहिले, आणि त्यामुळे बैठकीत माझ्या चारांवर विश्वास बसला. दुसरं, यादीबाहेरच्या प्रत्येक कामाचं श्रेय देऊ नका. साहेबांची घरगुती बिलं भरणं, त्यांच्या मुलांची तिकिटं काढणं ही ऑफिसची कामं नव्हेत. ती मूल्यमापनात लिहिलीत तर ती कायमची त्यांच्या गळ्यात पडतील. ती बंद करायला लावा. आणि जे काम वर्षभर नियमित झालं आहे ते पुढच्या वर्षी 'यादीबाहेरचं' राहता कामा नये. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये ते घाला, त्याच्याबरोबर वेळही मोजून घाला.

पगारवाढीचं म्हणाल तर टक्का किती मागायचा हे तुमच्या कंपनीच्या पट्ट्यावर अवलंबून आहे, ते मी इथून सांगू शकत नाही. पण वाढ मूळ पगाराच्या टक्क्यात मिळत असेल तर एका वर्षी कापलेला गुण त्या वर्षापुरता राहत नाही, कारण पुढची प्रत्येक वाढ त्या कमी पगारावरच मोजली जाते. आमच्या बाईंना नंतर चार मिळाले, तरी आधीच्या तीनमुळे गेलेला फरक आजही त्यांच्या पगारात आहे. ती फाईल पुन्हा उघडा म्हणून मी एचआरकडे लेखी मागणी केली, तर वर्ष बंद झालं असं उत्तर आलं. त्यामुळे तुमचा फॉर्म अजून गेला नसेल तर बैठकीच्या आधीच त्या चार-पाच कामांचा वर्षभराचा हिशेब त्याला जोडा, आणि बैठकीत जे जे बसणार आहेत त्या प्रत्येकाला त्याची प्रत आदल्या दिवशी पाठवा.